दंड, दावे आणि निकाल: कंपनीचे कागद वाचताना

एका वित्तसंस्थेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. कंपनीची फाइल पुढे ठेवली की वरिष्ठ विचारायचे, "कोर्टकचेरी काही आहे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देऊन भागत नाही. वीस-पंचवीस वर्षं धंदा केलेल्या कंपनीवर एकही दावा नाही, असं सहसा होत नाही. दावा कुणी लावला, कशासाठी लावला, तो कुठपर्यंत आलाय आणि कंपनी हरली तर तिच्या खिशाला किती चाट बसेल, हे सांगता आलं तरच त्या उत्तराचा उपयोग. आता निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक ठेवी, शेअर, नोकरी यांच्या निमित्ताने हेच विचारतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो.

१. नाव पक्कं केल्याशिवाय शोधायला बसू नका.

प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरी ओळख क्रमांक असतो. कंपनीच्या लेटरहेडवर आणि वार्षिक अहवालात तो छापलेला असतो. धंद्यातले लोक त्याला 'सीआयएन' म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, मधली दोन अक्षरं राज्य सांगतात आणि त्यापुढचे चार आकडे स्थापनेचं वर्ष. नाव अगदी नवंकोरं वाटतंय आणि वर्ष मात्र १९९२ असेल, तर मध्ये कधीतरी नाव बदललेलं असण्याची दाट शक्यता आहे. कंपनी मंत्रालयाच्या mca.gov.in या साइटवर हा क्रमांक टाकून कंपनीची मूळ माहिती काढा आणि जुनी नावं उतरवून घ्या. नाव बदललं तरी जुने दावे कोर्टात बहुधा जुन्याच नावाने चालू राहतात. नव्या नावाने शोधणाऱ्याला पाटी कोरी दिसते आणि तो निश्चिंत होतो.

उलटही घडतं. एकाच घराण्याच्या चार कंपन्या असतात, पहिले दोन शब्द सारखे आणि शेवटचा तेवढा वेगळा. बातमीत दंड झालेली कंपनी भलतीच असते आणि बोल लागतो आपल्या कंपनीला. म्हणून आदेशात नावाखाली छापलेला क्रमांक किंवा नोंदणीकृत पत्ता जुळवूनच पुढे जायचं.

२. पहिली यादी कंपनीकडूनच घ्या.

लोक थेट कोर्टाच्या साइटवर जातात आणि तिथे हरवतात. त्याआधी कंपनीने कायद्याने छापलेले कागद उघडावेत. शेअर विक्रीला आलेल्या कंपनीच्या माहितीपत्रकात प्रलंबित खटल्यांचं एक स्वतंत्र प्रकरण असतं आणि सुरुवातीच्या सारांशात त्याचा तक्ता. कंपनी, संचालक, प्रवर्तक, उपकंपन्या अशा ओळी आणि फौजदारी, कर, नियामकाची कारवाई, मोठे दिवाणी दावे असे रकाने. यातली मेख 'मोठे' या शब्दात आहे. किती रकमेच्या वरचा दिवाणी दावा स्वतंत्रपणे सांगायचा, ती मर्यादा ठरवण्यात कंपनीच्या संचालक मंडळाचा हात असतो. ती मर्यादा त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला लिहिलेली असते. ती आधी वाचली नाही तर यादी लहान का दिसते ते कळत नाही. तसंच एकूण रकमेखाली बारीक अक्षरात 'जेवढी मोजता आली तेवढी' अशा अर्थाची टीप असते. ज्या खटल्यात रक्कम मोजता येत नाही, उदाहरणार्थ कारखान्याच्या जमिनीच्या मालकीचा वाद, तो त्या बेरजेत नसतोच. आणि धंद्याला सर्वांत घातक तोच असू शकतो.

आधीच बाजारात असलेल्या कंपनीसाठी वार्षिक अहवालातल्या दोन जागा बघा. पहिली, हिशेबाच्या टिपांमधली संभाव्य देणी, म्हणजे कंपनीने कर्ज म्हणून मान्य न केलेल्या पण अंगावर येऊ शकणाऱ्या रकमा. दुसरी, लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेलं 'कारो' हे परिशिष्ट. त्याच्या सातव्या कलमात वादातल्या सरकारी देण्यांचा तक्ता असतो: कायदा कोणता, रक्कम किती, कोणत्या वर्षाची आणि वाद कोणाच्या पुढे पडलाय. मी तरी त्यातला वर्षाचा रकाना आधी बघत असे. २००९-१०ची एखादी मागणी न्यायाधिकरणात पडून असेल, तर ती कर खात्याच्या जुन्या दुखण्यासारखी असते. पण गेल्या तीन वर्षांत दरवर्षी त्याच कायद्याखाली नवी ओळ वाढत असेल, तर कंपनी आणि खातं यांच्यात मूलभूत मतभेद आहे आणि निकाल विरुद्ध गेला तर सगळी वर्षं एकदम अंगावर येतील. रक्कम किती मोठी हे ठरवताना ती कंपनीच्या नक्त मालमत्तेशी आणि वर्षाच्या नफ्याशी ताडून बघा. नुसता 'चाळीस कोटी' हा आकडा काहीच सांगत नाही.

३. कोर्टाच्या साइटवर कमी अक्षरं टाका आणि कोण कुठल्या बाजूला उभं आहे ते बघा.

जिल्हा न्यायालयांची माहिती services.ecourts.gov.in वर फुकट मिळते. पक्षकाराच्या नावाने शोधताना राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडावं लागतं. साऱ्या देशात एका फटक्यात नावाने शोध घेता येत नाही, म्हणून नोंदणीकृत कार्यालयाचा जिल्हा, कारखान्याचा जिल्हा आणि मोठी शाखा असलेले जिल्हे एकेक करून बघावे लागतात. कंपनीचं पूर्ण नाव टाकू नका. कारकून कुठे 'लिमिटेड' लिहितो, कुठे 'लि.', कुठे आधी 'मे.' लावतो. नावातला जो शब्द इतर कुणाच्या नावात सहसा येणार नाही, तेवढाच टाका. वेगळ्या स्पेलिंगनेही करून बघा.

निकालाची यादी आली की आकडा बघून दचकू नका. आमच्याकडे एका कर्ज देणाऱ्या कंपनीची फाइल होती. नव्या मुलाने तिच्या नावावर पुण्यात शेकडो फौजदारी खटले असल्याचा शेरा मारला होता. उघडून पाहिलं तर सगळे 'एससीसी', म्हणजे आपल्याकडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचे संक्षिप्त फौजदारी खटले, आणि कायद्याच्या रकान्यात परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. न वटलेल्या चेकचे खटले. कंपनी फिर्यादीच्या जागी होती. चेक कर्जदारांचे परत गेले होते. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या धंद्यात हे रोजचंच. पण तेच कलम १३८ आणि कंपनी आरोपीच्या जागी असेल, तर अर्थ पार बदलतो: कंपनीने दिलेले चेक वटलेले नाहीत. असे दोन-चार खटले एकाच सहामाहीत वेगवेगळ्या पुरवठादारांनी लावलेले दिसले, तर ताळेबंद कितीही गोंडस असो, मी हातातला प्रस्ताव बाजूला ठेवायचो. रोकड आटल्याचं ते पहिलं लक्षण असतं आणि वार्षिक अहवालात ते यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

निकाली निघालेल्या खटल्यात 'निकालाचं स्वरूप' ही ओळ वाचायची. फिर्यादी हजर न राहिल्याने काढून टाकलेला खटला आणि पुरावा तपासून फेटाळलेला खटला, दोन्ही यादीत 'निकाली' म्हणूनच दिसतात. पहिल्यात कोर्टाने गुणदोषांवर एक अक्षरही बोललेलं नसतं. तडजोडीने मिटलेला असेल तर बहुधा पैसे दिले गेलेत.

या साइटवर सगळं येत नाही हेही ध्यानात असू द्या. दिवाळखोरीची प्रकरणं राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, ग्राहकांच्या तक्रारी ग्राहक आयोगांत, बिल्डरविरुद्धच्या महारेरात. लवादापुढचे वाद तर गुप्तच असतात. लवादाचा निवाडा कोर्टात आव्हानाला आला किंवा लवाद नेमण्यासाठी अर्ज झाला, तरच त्यांचा माग लागतो.

४. कागद कोणत्या पायरीवरचा आहे ते वर लिहा.

कारणे दाखवा नोटीस म्हणजे नियामकाचा आरोप. त्यावर कंपनीचं म्हणणं अजून यायचं असतं. अंतरिम आदेश म्हणजे तातडीची उपाययोजना, पुष्कळदा कंपनीला न ऐकता दिलेली. अंतिम आदेश हा नियामकाचा निष्कर्ष, पण तोही अपिलात जाऊ शकतो. सेबीच्या आदेशावर रोखे अपील न्यायाधिकरणात, तिथून सर्वोच्च न्यायालयात. वर्तमानपत्रात मथळा येतो तो बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांना. अपिलात काय झालं याची बातमी आतल्या पानावर कोपऱ्यात, किंवा येतच नाही.

सेबीच्या साइटवर 'समझोता आदेश' नावाचा एक प्रकार दिसेल. कंपनी ठरलेली रक्कम भरते आणि कारवाई थांबते. यात सहसा कंपनीने आरोप मान्यही केलेला नसतो आणि नाकारलेलाही नसतो. त्यामुळे 'सेबीने दोषी धरलं' असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि 'सेबीने सोडून दिलं' असंही नाही. आरोप काय होता तो परिच्छेद मात्र त्यात असतो. तोच वाचायचा.

५. एक प्रकरण शेवटपर्यंत नेऊन बघा. मॅगीचं घ्या.

हे प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते ज्या तऱ्हेने लक्षात राहिलंय ती तऱ्हा दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. 'मॅगीत शिसं सापडलं, बंदी आली' असं काही जण म्हणतात. 'हायकोर्टाने मॅगीला निर्दोष ठरवलं' असं दुसरे. कागद काय सांगतात ते पायरीपायरीने बघू.

५ जून २०१५ रोजी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने नेस्ले इंडियाला मॅगी नूडल्सचे नऊ प्रकार बाजारातून काढायचा आदेश दिला. कारणं तीन होती: शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत अडीच भाग या मर्यादेपेक्षा जास्त, वेष्टनावर अजिनोमोटो, म्हणजे एमएसजी, घातलेलं नसल्याचा दिशाभूल करणारा मजकूर, आणि ओट्सचा प्रकार जोखमीची तपासणी पुरी न करता बाजारात आणणं. त्याआधी उत्तर प्रदेशातला एक नमुना कोलकात्याच्या प्रयोगशाळेत गेला होता आणि तिथे शिशाचा आकडा १७.२ आला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही राज्यापुरती बंदी घातली. आता हे तीन आरोप तीन जातींचे आहेत. पहिला खाणाऱ्याच्या जिवाशी संबंधित, दुसरा छापील मजकुराचा, तिसरा परवानगीचा. मथळ्यात तिन्हींचा एकच गोळा झाला.

नेस्ले मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायमूर्ती कानडे आणि न्यायमूर्ती कुलाबावाला यांच्या खंडपीठाने दोन्ही बंदी आदेश रद्द केले. हा निकाल वाचताना शेवटचं पान वाचून फाइल मिटली तर घोटाळा होतो. रद्द का केले? एक, कंपनीला बाजू मांडायची संधी न देता आदेश निघाला. दोन, ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली होती त्या कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या नव्हत्या. म्हणजे पद्धत चुकली आणि पुरावा टिकला नाही. त्या पाकिटांत शिसं नव्हतंच, असं कोर्टाने म्हटलेलं नाही. म्हणूनच त्याच निकालात कोर्टाने मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करायला सांगितलं आणि त्या पार पडेपर्यंत विक्रीला मोकळीक दिली नाही. त्या चाचण्यांत शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅगी पुन्हा दुकानात आली. खाण्याच्या सुरक्षिततेबद्दल काही ठाम सांगणारा कागद हवा असेल तर तो या नव्या चाचण्यांचा. निकाल हा कागद प्रशासनाच्या वागण्याबद्दल आहे.

इथेही प्रकरण संपलं नव्हतं. ऑगस्ट २०१५ मध्येच केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगात कंपनीविरुद्ध तक्रार लावली. मागणी सुमारे ६४० कोटी रुपयांची: त्यात साधारण २८५ कोटी भरपाई आणि ३५५ कोटी दंडात्मक. त्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आयोगापुढची सुनावणी थांबवली. नमुने म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत तपासले गेले. जानेवारी २०१९ मध्ये प्रकरण त्या अहवालासह आयोगाकडे परत आलं आणि एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली. जवळजवळ नऊ वर्षं.

आता समजा २०१७ मध्ये कुणी या कंपनीची माहिती काढत असता. उच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने. तो वाचून 'प्रकरण मिटलं' असा शेरा पडला असता. पण वेगळ्या न्यायपीठापुढे, वेगळ्या कायद्याखाली, त्याच पाकिटांवरून ६४० कोटींची मागणी उभीच होती. एकाच घटनेतून कंपनीवर किती दरवाजांनी प्रश्न येऊ शकतो ते मोजावं लागतं: नियामक, उच्च न्यायालय, ग्राहक आयोग, राज्यातले फौजदारी खटले. एका दाराचा निकाल दुसऱ्या दाराला आपोआप लागू होत नाही.

आणि खरा फटका यातल्या कुठल्याच रकमेत नव्हता. जून २०१५च्या तिमाहीत कंपनीला ६४ कोटींच्या घरात तोटा झाला, तो माल परत घेऊन नष्ट करण्याच्या खर्चामुळे आणि विक्री बंद पडल्यामुळे. ती बंदी पुढे बेकायदा ठरली, पण तोपर्यंत तोटा झालेला होता. दंडाचा आकडा शोधणाऱ्याने धंदा थांबवणाऱ्या आदेशाचा शोध आधी घ्यावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

६. रिझर्व्ह बँकेचा दंड आणि रिझर्व्ह बँकेचे निर्बंध यांत महदंतर आहे.

आमच्या सोसायटीतले एक काका सकाळी पेपर घेऊन आले. "अहो, आपल्या बँकेला पाच लाखांचा दंड ठोकलाय. ठेव मोडू का?" मी त्यांना रिझर्व्ह बँकेच्या साइटवरचं मूळ पत्रक काढून दाखवलं. ही पत्रकं एक-दोन पानी असतात. त्यात तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, तपासणी कोणत्या तारखेच्या आर्थिक स्थितीवर झाली. 'अमुक ३१ मार्चच्या स्थितीनुसार' असं लिहिलेलं असतं. दंड आज झाला तरी दोष वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा असतो. दुसरी, दोष कोणता. ग्राहकांच्या केवायसीचा आढावा ठरलेल्या मुदतीत घेतला नाही, हा एक दोष. संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज दिलं, हा दुसरा. दुसऱ्यासाठी दंड एक लाख असेल आणि पहिल्यासाठी पाच लाख, तरी मला दुसऱ्याचीच काळजी वाटते, कारण तिथे ठेवीदारांचा पैसा कुणाच्या घरी जातोय हा प्रश्न आहे. तिसरी, शेवटचा परिच्छेद: ही कारवाई नियमपालनातल्या त्रुटींवर आहे, बँकेने ग्राहकांशी केलेल्या व्यवहारांच्या वैधतेवर भाष्य नाही, अशा आशयाचं वाक्य. ते नेमाचं वाक्य आहे. त्यावरून बँक चांगली ठरत नाही आणि वाईटही.

काकांच्या बँकेचा दोष केवायसीचा होता. मी एवढंच म्हटलं, "मागच्या चार-पाच वर्षांची पत्रकंही बघू या." तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर दुरुस्त करायची व्यवस्थापनाची इच्छा नाही, असं मी समजतो.

निर्बंध ही निराळीच गोष्ट. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली रिझर्व्ह बँक पैसे काढण्यावर मर्यादा घालू शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर असे निर्देश आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. त्या पत्रकात दंडाची रक्कम नव्हती. दंडाचा आकडा शोधणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं. म्हणून बँकेचं नाव 'दंड' या शब्दाबरोबर शोधून थांबू नका. 'निर्देश' आणि 'कलम ३५अ' यांबरोबरही शोधा.

७. जीएसटीच्या आदेशात कलम वाचा.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आता कर खात्याचे लहानसहान दंडसुद्धा बाजाराला कळवतात. बीएसईच्या साइटवर अशा पत्रांचा पूर असतो आणि प्रत्येकात 'कंपनी अपील करणार असून धंद्यावर विशेष परिणाम नाही' हे वाक्य असतं. ते सोडून कलम शोधा. ७३ असेल तर खात्याने लबाडीचा आरोप केलेला नाही. दंड साधारण कराच्या दहा टक्के. ७४ असेल तर फसवणूक, जाणूनबुजून चुकीची माहिती किंवा दडवादडवीचा आरोप आहे आणि दंड कराएवढा असू शकतो. २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी ७४अ हे एकच कलम आलंय. तिथे कलमावरून कळत नाही, दंड कराच्या दहा टक्के लावलाय की शंभर टक्के ते बघावं लागतं. कर आणि दंड हे दोन आकडे पत्रात असतात. एकाला दुसऱ्याने भागलं की खात्याचा आरोप काय आहे ते उमगतं. अर्थात आरोपच, अपील बाकी असतं.

८. प्रत्येक नोंदीपुढे तारीख टाका आणि कंपनीला लिहा.

मी एक साधा तक्ता करत असे: प्रकरण, न्यायपीठ, पायरी, कंपनी कोणत्या बाजूला, रक्कम, मूळ कागद वाचला की नुसती बातमी, आणि कोणत्या तारखेला पाहिलं. शेवटचे दोन रकाने कुणी भरत नाही. सहा महिन्यांनी तोच तक्ता कामाला येतो तो त्या दोन रकान्यांमुळेच.

काही अडलं तर कंपनी सचिवाला ईमेल करा. नोंदणीकृत कंपनीच्या वार्षिक अहवालात त्यांचा पत्ता असतो आणि भागधारकाला प्रश्न विचारायचा अधिकार आहे. ठेव ठेवणार असाल, शेअर घेणार असाल किंवा मुलगी-मुलगा तिथे नोकरीला लागणार असेल, तर पुढच्या रविवारी एक तास काढून त्या कंपनीच्या ताज्या वार्षिक अहवालातला 'कारो'चा सातव्या कलमाचा तक्ता एवढा तरी उघडून बघाच. त्याला एक पैसाही लागत नाही.